गाळ काढला, ट्रॉल्या मोजल्या, वह्या भरल्या, तरी देणगीदार विचारतात "कशावरून?"

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. मी कळंब तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करते, आम्ही पाच जण आहोत. २०२४ च्या उन्हाळ्यात एका गावच्या पाझर तलावातला गाळ काढला. पोकलेनचा खर्च एका कंपनीच्या सीएसआर मधून, आणि गाळ शेतात वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्यांचा स्वतःचा. काम खरंच चांगलं झालं, मी रोज तिथं होते, उन्हात उभी होते.

आता वर्षाच्या रिपोर्टमधला "पाणी" हा भाग मला लिहायचाय. माझ्याकडं तीन वह्या आहेत, एक ट्रॉली रजिस्टर आहे आणि व्हॉट्सॲपवर आमच्या गावातल्या कार्यकर्त्यानं पाठवलेले व्हॉइस मेसेज आहेत. त्यावरून मी दोन पानं लिहून पाठवली तर परत आली, आणि सात ठिकाणी एकच शेरा, "कशावरून?"

मी लिहिलेलं थोडं इथं टाकते:

"या प्रकल्पामुळे गावात १ कोटी लिटर अतिरिक्त पाणी साठले. परिसरातील ८० टक्के विहिरींची पाणीपातळी वाढली. शेतकऱ्यांच्या जीवनात आमूलाग्र बदल झाला असून महिलांची पाण्यासाठीची वणवण कायमची थांबली आहे."

खोटं काहीच लिहिलेलं नाही हो. ३,४१२ ट्रॉल्या रजिस्टरमध्ये आहेत, विहिरींचं लोकांनीच सांगितलंय. मग अजून काय पाहिजे ते कळंना झालंय. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, पंधरा दिवसांत परत पाठवायचंय.

पांढरीचा_पोरगा

ताई आमच्या गावातला तलाव पण पूर्ण भरलाय गाळानं, बाभळी उगवल्यात आत. पोकलेन कुठून मिळवली, तासाला काय भाव लागला, आणि ती गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना आहे ना त्यात ग्रामपंचायतीनं अर्ज करायचा का संस्थेनं? जरा डिटेल द्या.

मांजराकाठची

दादा तुमचं वेगळं विचारणं आहे, मी तुम्हाला मेसेज करते. इथं रिपोर्टचंच राहू द्या.

अभियंता_उद्गीरकर

१ कोटी बरोबर आहे की. एक ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट म्हणजे २.८३ घनमीटर. ३,४१२ गुणिले २.८३ केलं की साडेनऊ हजार घनमीटरच्या वर जातं, आणि एका घनमीटरला हजार लिटर, झाले ९६ लाख. वर तलाव पावसाळ्यात एकदाच भरतो असं थोडंच आहे, पाणी मुरलं की परत भरतो, दोन-तीनदा भरला तर दोन-तीन कोटी. तुम्ही उलट कमीच लिहिलंय. हे गणित तळटीपेत टाका, "कशावरून"चं उत्तर मिळालं.

वसुधा_लातूर

मांजराकाठची ताई, मी अकरा वर्षं देणगीदाराच्या बाजूनं बसून असे रिपोर्ट वाचलेत, त्यातले निम्मे पाण्याचे होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचं काम खरं आहे यात मला शंका नाही. पण रिपोर्ट वाचणाऱ्यानं तुमचा तलाव बघितलेला नसतो, त्याच्या हातात फक्त वाक्यं असतात, आणि तुमच्या वाक्यांत असं काहीच नाही जे शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं जसंच्या तसं लिहिलं नसतं.

आधी ट्रॉलीचं बघू. उद्गीरकर साहेबांचं गुणाकाराचं गणित बरोबर आहे, पण दोन गोष्टी सुटल्यात. गाळ जमिनीत दाबून बसलेला असतो, तो उकरून ट्रॉलीत टाकला की फुगतो. चिकण गाळ असेल तर पाच ट्रॉल्यांचा गाळ जमिनीत चार ट्रॉल्यांएवढ्याच जागेचा असतो, साधारण तेवढा फरक धरतात. तलावात जागा किती झाली हे आपल्याला सांगायचंय, म्हणून ट्रॉलीचा आकडा सव्वानं भागायला पाहिजे. दुसरं, ट्रॉली एक ब्रासचीच आहे हे कुणी मोजलं? टेप लावून आतून मोजा.

आणि "साठले" हा शब्द काढा. गाळ काढल्यानं साठवायची जागा वाढते, पाणी पाऊस देतो. दोन-तीनदा भरतो हे खरं असेलही, पण ते मोजलेलं नसलं तर लिहायचं नाही.

आता मला सांगा:
रजिस्टर कोण लिहीत होतं, रोज लिहीत होतं का? काम संपल्यावर खड्डा कुणी मोजला होता का? आणि ते ८० टक्के कुठून आलं?

मांजराकाठची

वसुधाताई, वह्या घेऊन बसले रात्री.

रजिस्टर आमचा कार्यकर्ता लिहायचा. काम ३८ दिवस चाललं. ३३ दिवस प्रत्येक ट्रॉलीसमोर शेतकऱ्याचं नाव आणि सही किंवा अंगठा आहे. पाच दिवस तो लग्नाला गेला होता, तिथं नुसतं "अंदाजे ११०", "अंदाजे ९५" असं लिहिलंय. सहीच्या ट्रॉल्या मोजल्या तर २,८७० भरतात, अंदाजाच्या ५४२. मी सगळ्या एकत्र धरल्या होत्या.

खड्डा मोजलाय! हे मी विसरूनच गेले होते. दुसऱ्या वहीत १ जूनला लिहिलंय, जसंच्या तसं देते: "आज खड्डा मोजला. मी, सरपंच, पोकलेनवाला. लांबी २०० फूट, रुंदी १५०. खोली भरावाकडं ९, वरच्या अंगाला ७. तळाला पांढरा मुरूम लागला म्हणून थांबवलं."

आणि ८० टक्के म्हणजे मी पारावर आणि कट्ट्यावर १४ जणांना विचारलं, ११ जण पाणी वाढलं म्हणाले.

आज त्या ट्रॉलीवाल्याकडं जाऊन टेप पण लावून आले. १० फूट, ६ फूट, आणि उंची पावणेदोन फूट. १०५ घनफूट.

वसुधा_लातूर

बघा, १ जूनची ती चार ओळींची नोंद तुमच्या दोन पानांपेक्षा भारी आहे. आता तुमच्याकडं एकाच गोष्टीची दोन वेगवेगळी मापं झाली, आणि विश्वास तिथूनच बसतो.

ट्रॉलीकडून: २,८७० गुणिले १०५, म्हणजे तीन लाख एक हजार घनफूट सुटा गाळ. सव्वानं भागलं की दोन लाख एक्केचाळीस हजार.
खड्ड्याकडून: २०० गुणिले १५० गुणिले सरासरी ८, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. पण खड्ड्याच्या बाजू सरळ उभ्या नसणार, उतार असणार, तो वजा केला तर दोन लाख वीस हजारांच्या आसपास.

दोन्ही जवळ आले. म्हणजे दोन लाख वीस ते चाळीस हजार घनफूट, घनमीटरमध्ये ६,२०० ते ६,८००. जागा झाली ६२ ते ६८ लाख लिटरची. आणि गंमत नाही, महत्त्वाचं आहे म्हणून सांगते, अंदाजाच्या ५४२ ट्रॉल्या यात मिळवल्या तर आकडा खड्ड्याच्या पुढं जातो, दोन लाख ऐंशी हजारांच्या वर. म्हणजे त्या पाच दिवसांचा अंदाज फुगलेला होता किंवा ट्रॉल्या अर्ध्या भरून गेल्या. त्या सोडून द्या, आणि सोडल्या हे एका ओळीत लिहा.

कोटीवरून पासष्ट लाखांवर आलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. कोटी हा आकडा प्रत्येक रिपोर्टमध्ये असतो.

अभियंता_उद्गीरकर

फुगण्याचं मान्य, ते माझ्याकडून राहिलं. पण सव्वाच का? काळ्या चिकण मातीला मी ३० टक्के धरतो, मुरमाला कमी-जास्त. आणि पाझर तलाव आहे म्हटल्यावर लिटरमध्ये सांगण्यातच अर्थ कमी, तो काय पाणी साठवून शेताला सोडायचा तलाव नाही, तो मुरवायचा. तळाचा चिकण थर निघून मुरूम उघडा पडला यानं मुरण्याचा वेग वाढतो, खरा फायदा तो.

वसुधा_लातूर

३० धरलंत तरी दोन लाख बत्तीस हजार येतं, त्याच पट्ट्यात. म्हणून तर पट्टा द्यायचा, एकच आकडा नाही. मुरण्याचं तुमचं एकदम बरोबर, आणि म्हणूनच खरा प्रश्न विहिरींचा आहे.

शिवारातला

मी केज भागातला शेतकरी हाय. हे लिटर घनमीटर तुमचं चालू द्या पण एक गोष्ट कुणी बोलंना झालंय. २०२३ ला पाऊस कुठं होता? आख्खा ऑगस्ट कोरडा गेला, सोयाबीन हातचं गेलं. आणि २०२४ ला पाऊस बक्कळ झाला. मंग २०२४ च्या हिवाळ्यात विहिरीला पाणी वाढलंच असणार की, गाळ काढा नाहीतर नका काढू. आमच्या गावात कुणी एक टोपलं गाळ काढला नाही तरी माझ्या विहिरीला दीड परस पाणी जास्त होतं. तुमच्या गावचे लोक खोटं बोलत नाहीत पण ते पावसाचं पाणी सांगायलेत.

मांजराकाठची

दादा, हे वाचून मी गप्पच झाले. अकरा जणांनी सांगितलं ते मी "गाळामुळं" म्हणून लिहिलं, वहीत तर नुसतं "औंदा पाणी हाय" एवढंच आहे. गाळाचं नाव फक्त तिघांनी घेतलंय.

मग आता काय करू? आधीची मापं तर आमच्याकडं नाहीत, काम सुरू व्हायच्या आधी विहिरीत टेप सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वसुधा_लातूर

शिवारातले दादा, तुम्ही जे बोललात ते मी अकरा वर्षांत किती रिपोर्टांवर लिहिलंय.

ताई, माप गेलं ते गेलं. पण शेतकऱ्याला त्याची विहीर पाठ असते. तुम्ही फक्त २०२३ च्या पावसाळ्याशी तुलना सोडा, कारण दुष्काळाशी तुलना केली की काहीही चांगलंच दिसतं. मराठवाड्यात २०२२ ला पण पाऊस चांगला होता आणि तेव्हा तुमच्या तलावात गाळ होता. म्हणजे २०२२ च्या पावसानंतरचा २०२३ चा उन्हाळा आणि २०२४ च्या पावसानंतरचा २०२५ चा उन्हाळा, हे दोन शेजारी ठेवा. तुमच्या महसूल मंडळाचा पाऊस दोन्ही वर्षांचा काढा, कृषी विभागाच्या साइटवर मंडळनिहाय मिळतो.

विचारायचं पण बदला. "पाणी वाढलं का" विचारलं की माणूस हो म्हणतो, पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं. त्यापेक्षा विचारा, मोटार अर्ध्या तासाच्या आत विहीर उपसायला कधी लागली? तारीख कुणाला आठवत नाही पण सण आठवतो. होळी, पाडवा, रामनवमी, आखिती. फक्त सणाची तारीख त्या वर्षाच्या कॅलेंडरवरून लिहून घ्या, कारण २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता आणि २०२५ चा ३० मार्चला. दोन्ही वर्षी "पाडव्यापर्यंत" म्हणणाऱ्याचं पाणी खरं तर आठ दिवस जास्त पुरलेलं असतं.

आणि तिसरं, ज्या विहिरींना या तलावाचा फायदा होऊच शकत नाही, म्हणजे तलावाच्या वरच्या अंगाच्या किंवा पलीकडच्या नाल्यावरच्या, अशा आठ-दहा विहिरींनाही हेच विचारा. पाऊस त्यांच्यावरही तोच पडला ना.

कविता_नांदेड

सगळं वाचलं, वसुधाताईंच्या अनुभवाचा आदर आहे पण मला राहवत नाही. मी महिलांच्या गटांचं काम करते. आपण ज्या बायांसाठी हे करतो त्या या घनफुटात कुठंच दिसत नाहीत. माझ्या एका रिपोर्टमध्ये मी एकच गोष्ट लिहिली होती, एका बाईची, आणि त्या एका पानावर पुढच्या वर्षीची मदत मिळाली. माणूस मनानं देतो. रेणुकाची, सखूची गोष्ट लिहा, थोडी फुलवून लिहा, भाव खरा असला म्हणजे झालं.

वसुधा_लातूर

कविताताई, गोष्ट पाहिजेच, तुमच्याशी सहमत. फुलवून नको एवढंच. मांजराकाठची ताई, वणवण कायमची थांबली हे तुम्ही ज्या बाईवरून लिहिलं तिची मूळ नोंद आहे का? तीच टाका इथं, नाव न घालता.

मांजराकाठची

आहे. तिसरी वही, पान ३४, तारीख ११ एप्रिल २०२५:

"दीड एकर. विहीर तलावाच्या खाली तिसरी. म्हणाली कडवळाचे दोन वाफे केलेत म्हशीसाठी, अजून हिरवे आहेत. मागं पाडव्याला विहीर तळाला जायची, मग पोरगी हापशावर दोन खेपा करायची शाळेच्या आधी. औंदा अजून एक खेप पण नाही. मी विचारलं मे मध्ये काय होईल, म्हणाली मे चं मे मध्ये बघू."

कविता_नांदेड

अगं मग हेच लिही ना. यात मला फुलवायला काहीच नाही सापडत.

शिवारातला

ती मे चं मे मध्ये बघू म्हणाली आणि तुम्ही कायमची थांबली लिहिलं. बाई तुमच्यापेक्षा जपून बोलली.

वसुधा_लातूर

बरोबर. कडवळाचे दोन वाफे, दोन खेपा, शाळेच्या आधी, ११ एप्रिल. हे कुणी घरी बसून रचू शकत नाही, म्हणून खरं वाटतं. "आमूलाग्र बदल" कुणीही रचू शकतो. फक्त छापायच्या आधी त्या बाईंना हे वाचून दाखवा आणि चालेल का विचारा. नाव, विहिरीची नेमकी जागा आणि मुलीचा फोटो तिन्ही नको, त्या गावात दीड एकर आणि तिसरी विहीर म्हटलं तरी ओळखता येतं, म्हणून "तिसरी" पण काढा. आणि ती एक बाई आहे, ती सगळ्या गावाचा पुरावा नाही, म्हणून ती विहिरींच्या आकड्यानंतर यावी, त्याच्या जागी नाही.

लिहिताना मी एक सवय लावून घेतली होती ती सांगते. कच्चा मजकूर झाला की प्रत्येक वाक्यासमोर समासात वही आणि पान लिहायचं, "व३ पा३४" असं. ज्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते वाक्य एक तर तुमचं मत आहे किंवा तुमची इच्छा. मत असेल तर मत म्हणून लिहा, इच्छा असेल तर काढा. तुमच्या पहिल्या तीन वाक्यांत एकाही वाक्यासमोर पान लिहिता येणार नाही. दुरुस्त मजकूर पाठवताना तो समास ठेवूनच पाठवा, वाचणारा दोन-तीन पानं मागवेल, आणि ती जुळली की बाकीची मागवणार नाही.

मांजराकाठची

चार दिवस गेले, उत्तर द्यायला उशीर झाला, गावात होते. कार्यकर्ता आणि मी दोघांनी वाटून घेतलं.

तलावाच्या खाली एकूण ३७ विहिरी आहेत, यादी तलाठी कार्यालयातून नाही, आम्ही स्वतः फिरून केली. त्यातल्या २३ विहिरींचे मालक भेटले, बाकीचे पुण्याला किंवा ऊसतोडीवरून अजून परतायचे आहेत. पलीकडच्या नाल्यावरच्या ९ विहिरी पण केल्या.

खालच्या २३ पैकी तिघांना २०२३ च्या उन्हाळ्याचं नीट आठवेना, ते सोडले. राहिले २०. त्यातल्या १३ विहिरी २०२५ ला २०२३ पेक्षा तीन आठवडे किंवा जास्त पुरल्या, ७ जवळपास तेवढ्याच. त्या सातमधल्या एकाच्या विहिरीशेजारी मागच्या वर्षी नवीन बोअर पडलंय, साडेपाचशे फूट, तो म्हणाला सगळं पाणी तिनं ओढलं.
पलीकडच्या ९ पैकी ३ जास्त पुरल्या, ६ तेवढ्याच.

आमच्या मंडळात दोन्ही वर्षी पाऊस सरासरीच्या वर होता, २०२४ ला ६० मिलिमीटर जास्त.

आणि ज्या १४ जणांना मी आधी विचारलं होतं ना, ते सगळे गाळ नेलेलेच शेतकरी निघाले. ट्रॉली रजिस्टरशी नावं ताडून बघितली तेव्हा लक्षात आलं.

वसुधा_लातूर

फार छान काम केलंत, मनापासून सांगते. २० पैकी १३ आणि ९ पैकी ३. फरक दिसतोय, आणि त्यातला काही भाग त्या ६० मिलिमीटरचा पण असणार. टक्क्यात लिहू नका, इतक्या थोड्या विहिरींना टक्के लावले की फुगवल्यासारखं वाटतं. "२० पैकी १३" असंच लिहा, आणि ३७ पैकी किती भेटल्या नाहीत ते पण.

अभियंता_उद्गीरकर

माझं एक मत. ९ विहिरींवरून तुलना करणं कच्चं आहे, त्या नाल्याचा खडक वेगळा असू शकतो. भूजल सर्वेक्षण विभागाच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांचं वर्षातून चारदा माप घेतात, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. जवळची एखादी असेल तर तिची दोन्ही वर्षांची मापं मागवा. आणि या वर्षीपासून तुमच्या ६-७ विहिरींत त्याच महिन्यांत टेप सोडायला चालू करा, काठावर रंगानं खूण करून तिथूनच मोजायचं दरवेळी.

मांजराकाठची

हे नक्की करणार साहेब. मे चं माप कालच घेतलं, ६ विहिरी. रंगाची खूण पण केली.

आता नवीन मजकूर टाकते, चुका काढा:

"२०२४ च्या उन्हाळ्यात ३३ दिवस आम्ही प्रत्येक ट्रॉली शेतकऱ्याच्या सहीनिशी नोंदवली: २,८७० ट्रॉल्या (व्हीलबेसची नव्हे, आतून मोजलेली, १०५ घनफुटांची ट्रॉली). आणखी पाच दिवसांची नोंद अंदाजाची असल्याने ती धरलेली नाही. गाळ सुटा झाल्यावर फुगतो हे धरून, आणि १ जूनला मोजलेल्या खड्ड्याशी ताडून, तलावात ६,२०० ते ६,८०० घनमीटर जागा मोकळी झाली.

विहिरींची मापे काम सुरू होण्याआधी घेतलेली नव्हती, ही आमची उणीव आहे. म्हणून आम्ही चांगल्या पावसानंतरच्या दोन उन्हाळ्यांची तुलना केली. तलावाखालच्या ३७ पैकी २३ विहिरींचे मालक भेटले. ज्या २० जणांना दोन्ही वर्षे आठवत होती त्यांपैकी १३ जणांची विहीर २०२५ मध्ये २०२३ पेक्षा तीन आठवडे किंवा अधिक पुरली. तलावाचा लाभ न पोचणाऱ्या ९ पैकी ३ विहिरी तशा पुरल्या. २०२४ चा पाऊस २०२२ पेक्षा ६० मिलिमीटर जास्त होता, त्यामुळे सगळा फरक गाळ काढल्यानेच पडला असे आम्ही म्हणत नाही."

त्याच्या खाली त्या बाईंची नोंद, त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या म्हशीचं लिहिलं ते चांगलं केलं.

वसुधा_लातूर

कंसातलं "व्हीलबेसची नव्हे" काढा, कुणाला कळणार नाही. "आतून मोजलेली" पुरे. बाकी एक शब्द बदलायची गरज नाही.

शिवारातला

मला एक विचारायचं हाय. गाळ कुणाकुणाच्या रानात गेला? वाहतूक शेतकऱ्याची म्हणता म्हणजे ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्याचा गाळ. आमच्याकडं असंच होतं. गरीब माणूस बघत बसतो.

मांजराकाठची

दादा, रजिस्टर त्याच दिवशी उघडून बसले. ६१ शेतकऱ्यांनी गाळ नेला. त्यातल्या ९ जणांनी १,४८० ट्रॉल्या नेल्या, निम्म्याहून जास्त. अडीच एकराच्या आतले २४ शेतकरी आहेत, त्यांच्या वाट्याला सगळ्यांना मिळून ५१०.

हे मी मजकुरात घातलं होतं. आमच्या अध्यक्षांनी सांगितलं काढा, देणगीदाराला वाटेल आपण श्रीमंतांचं काम केलं, पुढच्या वर्षीच्या तलावाची मदत जाईल. माझं मन तयार होईना. पण गावात अजून तीन तलाव आहेत, मदत गेली तर त्या २४ जणांना ५१० पण नाही मिळणार, हे पण खरं आहे.

कविता_नांदेड

मी अध्यक्षांच्या बाजूनं आहे. विचारलं तर सांगा, आपणहून कशाला. काम थांबलं तर कुणाचं भलं झालं?

वसुधा_लातूर

मी घातलं असतं, पण पुढच्या वर्षी काय बदलणार ते सोबत लिहून. उदाहरणार्थ अडीच एकराच्या आतल्यांना पहिले दहा दिवस राखीव आणि त्यांच्या वाहतुकीचं डिझेल प्रकल्पातून. त्याचा खर्च मागता पण येतो. मी वाचणारी असते तर या आकड्यानं माझा बाकीच्या आकड्यांवर विश्वास वाढला असता. पण सगळे वाचणारे माझ्यासारखे नसतात, हे मी खात्रीनं सांगू शकते, आमच्याच टेबलावर असे रिपोर्ट बाजूला ठेवलेले मी बघितलेत. निर्णय तुमच्या संस्थेचा.

अभियंता_उद्गीरकर

डिझेल प्रकल्पातून दिलं तर ट्रॉल्या वाढवून लिहितील लोक. खड्डा मोजायचं विसरू नका मग.

शिवारातला

ताई त्या २४ जणांना विचारा की घालायचं का नाही. त्यांचंच हाय ते.

मांजराकाठची

दादा, शनिवारी बाजार आहे, त्यातले बरेच जण येतात. रजिस्टर घेऊन जाते आणि विचारते. रिपोर्ट सोमवारी द्यायचाय.